म्हणजे नेमकं काय करू?

शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत मी एक मेल पाठवला होता. आमच्या टीमने ग्राहकाच्या वेबसाइटवर पत्ता भरायचा फॉर्म बदलला होता. पिनकोड टाकला की शहर आपोआप यायचं, तीन रकाने कमी झाले होते, आणि त्या बदलावर आम्ही सगळे खूश होतो. परदेशातल्या टीमने तो बघून काही सूचना असतील तर कळवाव्यात, एवढंच मला हवं होतं. मी लिहिलं, 'काइंडली रिव्हर्ट ऑन द अ‍ॅड्रेस फॉर्म चेंज बाय मंडे.' लॅपटॉप मिटला आणि निघालो.

सोमवारी सकाळी फॉर्म गायब. म्हणजे जुना फॉर्म परत आलेला, तीन जादा रकान्यांसकट. कोडच्या नोंदवहीत सगळ्यात वर एक नवी ओळ होती:

```
Revert "Update address form"
```

सोबत एका सज्जन माणसाचा मेल. विनंतीनुसार बदल मागे घेतला आहे, कारण कळलं तर आवडेल, आम्हाला तर तो बरा वाटला होता. शनिवारी वेळ काढून त्याने हे काम केलं होतं. मला चिडायलाही जागा नव्हती. मी जे लिहिलं होतं तेच त्याने केलं होतं, अगदी वेळेआधी.

प्रोग्रामरच्या जगात 'रिव्हर्ट' या शब्दाला एकच अर्थ आहे. कोडची नोंदवही ठेवणाऱ्या गिट या साधनाला `git revert` ही आज्ञा दिली की आधीच्या बदलाच्या बरोबर उलटा असा नवा बदल तयार होतो. मूळ बदल पुसला जात नाही, इतिहासात तो राहतोच, फक्त त्याचा परिणाम नाहीसा होतो. मग आमचा फॉर्म परत आणायचा तर काय करायचं? त्या रिव्हर्टला रिव्हर्ट करायचं. तेव्हाच्या गिटमध्ये त्याची नोंद 'रिव्हर्ट रिव्हर्ट अपडेट अ‍ॅड्रेस फॉर्म' अशी झाली, आणि ती ओळ त्या प्रकल्पात अजूनही आहे. ती दिसली की मला अजूनही कानकोंडं होतं.

प्रोग्रामरच कशाला, इंग्रजीत हा शब्द सगळीकडे मागेच जातो. मूळ लॅटिनमधलं, अर्थ 'मागे वळणे'. माणूस जुन्या सवयीकडे रिव्हर्ट होतो, जमीन करार संपल्यावर मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते. 'उत्तर देणे' हा अर्थ आपल्याकडच्या ऑफिसांनी त्याला दिला. अलीकडे काही शब्दकोशांनी तो 'भारतीय इंग्रजी' असा शिक्का मारून नोंदवलाही आहे, म्हणजे तो चूक आहे असं म्हणायची सोय उरलेली नाही. पण तो शिक्का वाचणाऱ्याला दिसत नाही ना. तुम्ही भारताबाहेर मेल पाठवला, किंवा भारतातच एखाद्या प्रोग्रामरला पाठवला, की वाचणारा त्याच्याकडचा अर्थ लावणार. आणि इथे बदलायला सोपा शब्द हाताशी आहे. 'रिप्लाय'. तोही नको असेल तर 'लेट मी नो'. त्या दिवसापासून मी 'रिव्हर्ट' फक्त कोडसाठी ठेवला आहे.

तसं बघितलं तर 'रिव्हर्ट'चं दुखणं साधं आहे. एक शब्द काढला, दुसरा घातला, झालं. 'डू द नीडफुल'चं तसं नाही. तिथे शब्द बदलून भागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

हे शब्द मी शिकलो कुठून? कोणी शिकवले नाहीत. शाळेत अर्ज लिहायला शिकलो तो 'आय बेग टू स्टेट दॅट' असा. पहिल्या नोकरीत पहिला मेल लिहायची वेळ आली तेव्हा मी समोरच्या सिनिअरचा जुना मेल उघडला, तारीख आणि विषय बदलला, आणि पाठवून दिला. त्यानेही तसंच केलं असणार. असं मागे मागे जात राहिलं तर शेवटी एखाद्या व्यापारी कोठीतला कारकून भेटेल, टाक शाईत बुडवून लिहिणारा. 'डू द नीडफुल' हा विलायतेतच वापरातला वाक्प्रचार होता. तिथल्या व्यापारी पत्रांत तो सर्रास असे. सोबतीला चालू महिन्यासाठी 'इन्स्टंट', गेल्या महिन्यासाठी 'अल्टिमो', येत्या महिन्यासाठी 'प्रॉक्सिमो' असली लॅटिन भरजरी. तिथे हे सगळं विसाव्या शतकात गळून पडलं. १९४८ साली सर अर्नेस्ट गॉवर्स या सनदी अधिकाऱ्याने ब्रिटिश सरकारी कारकुनांनी साधं लिहावं म्हणून 'प्लेन वर्ड्स' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, तेही सरकारच्याच सांगण्यावरून. आपल्याकडे तोवर इंग्रज निघून गेले होते आणि त्यांचं दप्तर मागे राहिलं होतं. 'आउट ऑफ स्टेशन' त्याच दप्तरातलं. साहेबाच्या नेमणुकीचं गाव म्हणजे स्टेशन. आपण अजून स्टेशनाबाहेर जातो, तेही विमानाने.

पण सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारणंही खरं नाही. आपल्या कानाला हे शब्द लगेच गोड लागले, कारण तशी भाषा आपल्याकडे आधीपासून होती. जुनी मराठी पत्रं 'बहुत काय लिहिणे' या शब्दांवर संपत. पुढे काय ते आपण सुज्ञ आहात, समजून घ्या. आजच्या सरकारी पत्रात 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर' असतंच. 'डू द नीडफुल' म्हणजे याचंच जुळं भावंड. योग्य ती कार्यवाही कोणती, हे सांगणारा मी कोण? आपण मोठे, आपल्याला कळतंच.

आता तो इन्व्हॉइसचा किस्सा सांगतो.

आमच्या कंपनीच्या दोन जीएसटी नोंदण्या आहेत, एक पुण्याची आणि एक बेंगळुरूची. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकचे २९. एका पुरवठादाराने पुण्यातल्या कामाचं बिल पाठवलं आणि त्यावर आमचा बेंगळुरूचा क्रमांक टाकला. चूक साधी, बहुतेक जुन्या बिलावरून नक्कल करताना झालेली. पण परिणाम साधा नाही. पुरवठादार आपल्या विवरणात हे बिल २९ वर दाखवणार, भरलेल्या कराची वजावट बेंगळुरूच्या खात्यात दिसणार, आणि पुणे ती घेऊ शकणार नाही. ही चूक माझ्या लक्षात आली याचा मला अभिमान वाटला. त्या भरात महिन्याच्या २४ तारखेला मी अकाउंट्समधल्या काकांना मेल लिहिला, माझ्या मॅनेजर मॅडमना सीसीत ठेवून:

```
Dear Sir,
With reference to the trailing mail, please find attached
herewith the invoice. There is some issue in the same.
Kindly do the needful and revert at the earliest.
```

हा मेल आज वाचताना मला घाम फुटतो. चूक मी शोधली होती, आणि ती काय आहे हे मी सांगितलंच नव्हतं! 'सम इश्यू इन द सेम'. सेम म्हणजे काय, मेल की बिल? आणि इश्यू कुठला? पण लिहिताना मला तो पूर्ण वाटला होता. विषय होता, जोडपत्र होतं, विनंती होती, घाई होती. मेलाचा सगळा साज चढवलेला होता.

दहा दिवस काहीच झालं नाही. मी समजलो काकांचं चाललं असेल. मॅडम समजल्या अकाउंट्सवाले पुरवठादाराशी बोलत असतील. काकांनी बिल उघडलं, रक्कम जुळवली, बरोबर आहे असं बघून पुढच्या पेमेंटच्या यादीत टाकलं. त्यांच्या टेबलावर बिलासोबत 'नीडफुल' आलं की त्याचा अर्थ पैसे देणे हाच असतो, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ३ तारखेला दुपारी यादी मंजूर व्हायच्या आधी त्यांनी सहज पुन्हा माझा मेल वाचला आणि फोन केला.

"अरे, तुझ्या त्या बिलाचं. इश्यू म्हणतोस, पण रक्कम तर बरोबर आहे. म्हणजे नेमकं काय करू मी?"

मी म्हणालो, "काका, त्यावर जीएसटी नंबर चुकलाय."

"मग पैसे थांबवू? का देऊन टाकू आणि नंतर दुरुस्त करून घेऊ? पुरवठादाराला तू सांगितलंस का मी सांगू?"

मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. मी गप्प झालो. मी मेल पाठवला होता तेव्हाही ते माहीत नव्हतं, आणि म्हणूनच मी 'नीडफुल' लिहिलं होतं. तो शब्द मी नम्रपणाने वापरला असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी माझा अर्धवट विचार पाकिटात घालून काकांकडे सरकवला होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की 'डू द नीडफुल'ला पर्यायी वाक्प्रचार शोधायला जाणं हाच वेडेपणा आहे. 'प्लीज टेक द नेसेसरी अ‍ॅक्शन' लिहिलं असतं तरी काकांनी तोच फोन केला असता. त्या तीन शब्दांच्या जागी तीन गोष्टी लिहाव्या लागतात: कोणी, काय, कधीपर्यंत. त्या लिहायच्या तर आधी ठरवाव्या लागतात, आणि ठरवायच्या तर कधी कधी मेलाच्या आधी एक फोन करावा लागतो. मी पुरवठादाराला फोन केला. त्याला पाच मिनिटांत पटलं. सुधारित बिल मंगळवारपर्यंत देतो म्हणाला. बोलता बोलता त्यानेच मुदतही सांगितली. त्याला गेल्या महिन्याचं जीएसटीआर-१ हे विवरण ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. त्याआधी बिल बदललं तर चूक विवरणात जातच नाही, नंतर बदललं तर दुरुस्तीचं लांबण लागतं. म्हणजे 'अ‍ॅट द अर्लिएस्ट' असं जे मी बेधडक लिहिलं होतं, त्याला प्रत्यक्षात एक तारीख होती. मला ती ठाऊकच नव्हती.

मग काकांना दुसरा मेल लिहिला:

```
Subject: Invoice 118: wrong GSTIN, please hold payment

Please hold payment on the attached invoice, no. 118.
It has our Bengaluru GSTIN, starting 29. The work was
for Pune, so it should start with 27.

The vendor will send a corrected invoice by Tuesday, the 7th.
Could you check it that day? They file GSTR-1 by the 11th,
and a correction after that takes much longer.
```

हा काही सुंदर इंग्रजीचा नमुना नाही. पण विषयाची ओळ वाचूनच काकांना पैसे थांबवायचे हे कळतं, मेल उघडला नाही तरी. पहिल्या वाक्यात त्यांनी करायचं काम आहे, कारण त्याच्या मागून येतं. माझा जुना मेल उलट्या क्रमाने चालायचा: आधी संदर्भ, मग जोडपत्र, मग गुळमुळीत तक्रार, आणि सगळ्यात शेवटी मागणं. मराठी बोलण्यात ते शोभतं. कोणाकडे काही मागायला गेलो तर आधी तब्येत विचारतो, मग पाऊसपाणी, मग हळूच विषय. मेल वाचणारा मात्र फोनच्या पडद्यावर पहिल्या दोन ओळी बघतो आणि पुढे सरकतो.

पाठवायच्या आधी मी तो मेल तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा मला तो उद्धट वाटला. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला 'प्लीज होल्ड पेमेंट'? 'डिअर सर' नाही, 'काइंडली' नाही. बोट 'सेंड'वर जाईना. हे का होतं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मराठीत आपण आदर क्रियापदातच घालतो. 'थांबव', 'थांबवा', 'थांबवावं', 'थांबवाल का': काकांना पहिलं म्हणणार नाही, शिपायालाही म्हणू नये. इंग्रजीत 'होल्ड' एकच. 'यू'सुद्धा एकच, तूही तोच आणि आपणही तोच. मग ती उणीव भरून काढायला आपण आजूबाजूला 'काइंडली', 'रिस्पेक्टेड', 'हंबल रिक्वेस्ट' लावत सुटतो. 'काइंडली' हा आपला 'आपण' आहे. गंमत म्हणजे अनेक इंग्रजीभाषकांच्या कानाला तो तसा लागतच नाही. 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग' अशा पाट्यांवरून त्यांना तो ओठ आवळून दिलेली ताकीद वाटू शकतो. म्हणजे जिथे आपण वाकून नमस्कार करतो तिथे समोरच्याला डोळे वटारलेले दिसण्याची शक्यता असते.

इंग्रजीत आदर दाखवायची जागा वेगळी आहे. एक म्हणजे प्रश्न: 'कुड यू चेक इट?' दुसरी म्हणजे कारण. '११ तारखेनंतर दुरुस्तीला फार वेळ लागतो' हे वाक्य म्हणजे काकांच्या बुद्धीवर दाखवलेला विश्वास आहे. मी नुसता हुकूम सोडत नाही, का ते सांगतो आहे, आणि पटलं नाही तर ते मला अडवू शकतात. 'काइंडली'पेक्षा यात जास्त अदब आहे असं मला आता वाटतं. मराठीतून उचललेली एक अडचण मात्र जपून टाळावी लागते. 'तुम्हाला मंगळवारी पाठवायचं आहे' हे मराठीत साधी आठवण आहे. त्याचं 'यू हॅव टू सेंड इट ऑन ट्यूजडे' केलं की ती दमदाटी होते.

बाकीच्या शब्दांचं फार काही सांगण्यासारखं नाही. 'प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ' ऐवजी काय जोडलंय आणि त्यात कुठे बघायचं ते लिहावं, 'बजेट जोडलंय, चौदावी ओळ बघा' असं. 'अ‍ॅज पर अवर डिस्कशन' लिहून थांबू नये, काय ठरलं ते एका वाक्यात लिहावं. निम्म्या वेळा असं दिसतं की दोघांचं वेगळंच ठरलं होतं. 'द सेम' दिसला की त्या जागी वस्तूचं नाव लिहावं. 'जेंटल रिमाइंडर' तिसऱ्या खेपेला जेंटल राहत नाही, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असतं. 'ईओडी' लिहिताना कोणाचा दिवस ते सांगावं. आपला दिवस मावळतो तेव्हा अमेरिकेत काही जणांची न्याहारी चाललेली असते.

आणि 'प्रीपोन'ला कोणी हात लावू नका. तो आपण रुळवलेला नीट शब्द आहे, 'पोस्टपोन'ची उलट बाजू, आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही बसलेला. बाहेरच्याला समजणार नाही असं वाटलं तर 'मूव्ह अप टू थ्री ओक्लॉक' लिहावं, तारखेसकट. पण इथल्या इथे तो खुशाल वापरावा.

माझा खरा राग आहे तो नव्या मालावर. जुने शब्द टाकलेले आमचे काही तरुण सहकारी आता 'सर्कल बॅक' करतात, 'टच बेस' करतात, 'लूप इन' करतात, सगळं 'गोइंग फॉरवर्ड'. परवा एकाने लिहिलं, 'लेट्स अलाइन अँड टेक धिस फॉरवर्ड.' हे 'डू द नीडफुल'च आहे, फक्त जीन्स घातलेलं. काकांनी वाचलं असतं तर तोच प्रश्न विचारला असता.

उलट जुना शब्द कुठे चालतो तेही बघायला हवं. बँकेत, महापालिकेत, सोसायटीच्या अर्जावर 'डू द नीडफुल' लिहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही. तिथे त्या शब्दाआधी अर्जाचा नमुना असतो आणि काय करायचं ते त्या नमुन्यानेच ठरवलेलं असतं. तिथल्या कारकुनाला त्याची सवय आहे, आणि त्याला सुधारायला जाण्याइतका शहाणा मी नाही. कोणाच्या मेलातला 'रिव्हर्ट' खोडून लाल अक्षरात परत पाठवणं हे तर सरळ असभ्यपण आहे. कळलं नाही तर फोन करावा, काकांनी केला तसा.

तर तो दुसरा मेल मी शेवटी पाठवला, डोळे मिटून. काका रागावतील म्हणून चहाला जायचंही टाळलं. चाळीस मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं की पेमेंट थांबवलं आहे. मंगळवारी दुपारी सुधारित बिल आलं, २७ ने सुरू होणारं. मी ते त्यांच्याकडे पाठवलं आणि सोबत एवढंच लिहिलं की हे सुधारित बिल, क्रमांक तपासून पैसे सोडावेत.

त्यांनी उत्तर पाठवलं, 'रिसिव्हड. डूइंग द नीडफुल.'